खोलीतला कवडसा: रेंडरमध्ये धूळ दिसावी, धुके नव्हे

खिडकीतून येणारी उन्हाची तिरीप हवेत दिसते ती धुळीमुळे. प्रकाश स्वतः बाजूने दिसत नाही. वाटेत आलेल्या कणांनी त्याचा थोडा भाग डोळ्यांकडे वळवला तरच त्याची वाट उजळलेली दिसते. जॉन टिंडल यांनी १८७० च्या सुमारास हे प्रयोगाने दाखवले होते. पेटीच्या आतल्या बाजूंना ग्लिसरीन लावून हवेतली धूळ त्यावर बसू दिली आणि मग त्या हवेतून प्रकाशझोत सोडला, तर पेटीत झोत दिसेनासा होऊन तिथे काळोख दिसे. रेंडरमधली हवा मुळातच टिंडल यांच्या पेटीतल्या हवेसारखी धूळविरहित असते. म्हणून खोलीच्या चित्रात कवडसा हवा असेल तर हवेत धूळ मुद्दाम भरावी लागते, आणि ती किती भरायची हाच खरा प्रश्न असतो. धूळ थोडी कमी पडली तर कवडसा दिसत नाही. थोडी जास्त झाली की खोलीत धूर कोंडल्यासारखे वाटते, लाकडाचा काळेपणा जातो आणि सगळे चित्र दुधाळ होते.

पुढचे विवेचन ब्लेंडरच्या Cycles या रेंडर इंजिनाला धरून आहे. उदाहरण म्हणून पुण्यातल्या जुन्या वाड्यातली एक खोली घेतली आहे: ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद, ३ मीटर उंच, चुन्याने रंगवलेल्या भिंती, खाली शहाबादी फरशी, भिंतीशी एक सागवानी कपाट. खिडकी आग्नेयेला तोंड करून आहे. तिची खालची कड जमिनीपासून ०.९ मीटरवर, वरची २.१ मीटरवर, आणि मध्ये २० मिलिमीटर जाडीचे उभे गज आहेत. डिसेंबरच्या उत्तरार्धात पुण्यात सकाळी दहाच्या सुमारास सूर्य आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ३५ अंशांवर असतो. त्या वेळी ऊन या खिडकीतून सरळ आत येते आणि खिडकीपासून सुमारे १.३ ते ३ मीटर अंतरावर फरशीवर पडते. कवडसा खिडकीपासून खोलीच्या मध्यापर्यंत तिरका उतरतो, त्यामुळे चित्रासाठी ही वेळ सोयीची आहे. सूर्य ६० अंशांवर असता तर ऊन खिडकीच्या पायथ्याशीच पडले असते. १५ अंशांवर असता तर कवडसा जवळजवळ आडवा होऊन समोरच्या भिंतीवर आदळला असता.

सूर्य, काच आणि हवेची पेटी

कवडशासाठी Sun प्रकारचा दिवा वापरावा. खिडकीबाहेर Spot किंवा Area दिवा ठेवून केलेला कवडसा चटकन ओळखू येतो, कारण दिवा जवळ असल्याने गजांच्या मधले पट्टे पंख्यासारखे फाकत जातात. सूर्याचे किरण समांतर असतात; चित्रात ते एकत्र येताना किंवा पसरताना दिसतात ते केवळ यथादर्शनामुळे, आणि तेवढे यथादर्शन Cycles आपोआप सांभाळते.

Sun दिव्याची Angle ही मोजपट्टी बहुतेक जण पाहतही नाहीत, पण कवडशाचा खरेपणा तिच्यावर फार अवलंबून असतो. आकाशातली सूर्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची, ०.५३ अंश, दिसते. त्यामुळे कोणत्याही सावलीची कड दर मीटरला साधारण ९ मिलिमीटर पसरट होत जाते. २० मिलिमीटर जाडीच्या गजाची गडद सावली म्हणून सव्वादोन मीटरच्या आतच संपते. आपल्या खोलीत खिडकीच्या वरच्या कडेपासून फरशीपर्यंत उन्हाची तिरकी वाट साडेतीन मीटरांहून थोडी जास्त आहे. म्हणजे खिडकीजवळ गजांच्या मधले पट्टे वेगवेगळे, कडा स्पष्ट असलेले दिसतील आणि फरशीजवळ पोचेपर्यंत ते एकमेकांत मिसळून एकच मऊ पट्टा होईल. Angle शून्यावर ठेवली तर पट्टे फरशीपर्यंत सुरीने कापल्यासारखे राहतात आणि पाहणाऱ्याला काहीतरी खटकते, जरी नेमके काय ते सांगता येत नसले. पट्टे आणखी मऊ हवेत म्हणून Angle ३-४ अंशांवर नेली तर खिडकीपासून अर्ध्या मीटरवरच ते नाहीसे होतात. मूळची अर्ध्या अंशाची किंमतच ठेवावी. फार तर एक अंश.

खिडकीला काच असेल तर इथेच पहिली अडचण येते. Glass BSDF लावलेल्या तावदानातून Cycles मध्ये सूर्याचा थेट प्रकाश सरळ आत येत नाही. काचेच्या वस्तूची सावली पडते आणि कवडसा उमटतच नाही. मग Density वाढवत नेली जाते, खोली धुकट होते आणि कवडसा तरीही येत नाही. उपाय सोपा आहे: काचेची वस्तू निवडून Object Properties मधल्या Visibility खाली Ray Visibility मधला Shadow बंद करावा. काच कॅमेऱ्याला दिसत राहते, प्रतिबिंबही देते, पण ऊन अडवत नाही. पातळ पडद्याची गोष्ट वेगळी. तो ऊन खरोखरच विखुरतो, त्यामुळे ओढलेल्या पडद्यातून कवडसा येत नाही, फटीतून येतो. चित्रातही तसेच असू द्यावे.

आता हवा. ती World च्या Volume मध्ये भरू नये. तशी हवा अनंतापर्यंत पसरते, आणि सूर्य व आकाश अनंत अंतरावर धरलेले असल्याने त्यांचा प्रकाश खोलीपर्यंत पोचतच नाही. चित्र काळे पडते. त्याऐवजी खोलीएवढी एक साधी पेटी, म्हणजे Cube, घ्यावी. तिच्या कडा भिंतींच्या जाडीत जाऊ द्याव्यात, म्हणजे भिंतीशी फट राहत नाही. तिच्या मटेरियलमधला पृष्ठभागाचा शेडर काढून टाकावा आणि Material Output च्या Volume या जागी Volume Scatter नोड जोडावा. Color पांढरा ठेवावा. पिवळसर ऊन हवे असेल तर तो रंग Sun दिव्याला द्यावा. धुळीलाच पिवळा रंग दिला की आकाशाचा निळसर प्रकाशही तिच्यात पिवळा होतो आणि सगळी खोली जुन्या फोटोसारखी दिसू लागते.

Density चा हिशेब

Volume Scatter मध्ये Density ची सुरुवातीची किंमत १ असते. खोलीच्या मापाने ती फार म्हणजे फारच मोठी आहे. Density चा अर्थ असा की एक मीटर हवेतून जाताना प्रकाशाचा साधारण तेवढा भाग वाटेतून विचलित होतो. किंमत लहान असेल तोवर हे बरोबर धरायला हरकत नाही. Density १ असलेल्या ५ मीटर हवेतून शंभरातला एक भागही सरळ पोचत नाही, म्हणजे समोरची भिंत दिसतच नाही. ०.१ ठेवली तर त्याच ५ मीटरमध्ये सुमारे ३९ टक्के प्रकाश गळतो. हे धुके झाले. ०.०२ ला साडेनऊ टक्के गळतो आणि ०.०१ ला पाच टक्के. खोलीसाठी पहिला अंदाज घ्यायचा तर Density आणि खोलीची लांबी यांचा गुणाकार ०.०५ ते ०.१ च्या दरम्यान राहावा. ५ मीटरच्या खोलीला म्हणून ०.०१ ते ०.०२, २० मीटर लांबीच्या सभामंडपाला ०.००२५ ते ०.००५. देऊळ किंवा कारखान्याची शेड करताना खोलीतली किंमत जशीच्या तशी वापरली की चित्र धुरकट होते, त्याचे कारण हेच.

हा हिशेब एक ब्लेंडर एकक म्हणजे एक मीटर असे धरून आहे. दुसऱ्या प्रोग्रॅममधून सेंटिमीटरच्या मापाने आणलेले मॉडेल शंभरपट मोठे असते. तिथे तीच ०.०२ ही किंमत खोली पूर्ण बुजवून टाकते. पहिल्या चाचणीत सगळे चित्र एकसारखे राखाडी आले तर आधी मापच तपासावे.

पण एवढ्याने काम भागत नाही. एकाच Density चा कवडसा एका कोनातून जेमतेम दिसतो आणि दुसऱ्या कोनातून डोळ्यांत भरतो. धुळीचे कण प्रकाश सगळीकडे सारखा फेकत नाहीत. पुढच्या दिशेला, म्हणजे प्रकाश ज्या दिशेने चालला आहे त्या दिशेला, जास्त फेकतात. Volume Scatter मधली Anisotropy हीच प्रवृत्ती ठरवते. त्यामागचे गणित हेन्ये आणि ग्रीनस्टाइन यांनी १९४१ मध्ये ताऱ्यांमधल्या धुळीसाठी मांडले होते. आज घरातल्या धुळीच्या चित्रांसाठीही तेच वापरले जाते. Anisotropy ० म्हणजे सगळीकडे सारखे विकिरण. धुळीसाठी ०.६ ही चांगली मधली किंमत आहे.

या किमतीला काय होते ते पाहू. ऊन ज्या दिशेने चालले आहे ती दिशा आणि कवडशाकडून कॅमेऱ्याकडे येणारी दिशा, या दोहोंमधला कोन मोजायचा. कॅमेरा जवळजवळ सूर्याकडे पाहत असेल, कोन ३० अंशांचा असेल, तर सारख्या विकिरणाच्या साडेतीनपट प्रकाश कॅमेऱ्याकडे येतो. ६० अंशांना तो जवळजवळ सरासरीएवढाच असतो. ९० अंशांना, म्हणजे कवडसा अगदी बाजूने पाहताना, सरासरीच्या दोन पंचमांश. आणि सूर्याकडे पाठ करून १५० अंशांतून पाहिले तर फक्त सहावा भाग. ३० अंश आणि ९० अंश यांत जवळपास नऊपट फरक पडतो. कॅमेरा खोलीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात नेला की Density नव्याने ठरवावी लागते ती यामुळे. एकाच खोलीची तीन-चार दृश्ये करायची असतील तर प्रत्येक कॅमेऱ्यासाठी वेगळी किंमत असणे गैर नाही. पाहणारा Density पाहत नाही, कवडसा पाहतो.

उदाहरणाची खोली

कॅमेरा खिडकीसमोरच्या कोपऱ्यात आहे, कोन ६० अंशांचा आहे आणि नजर कवडशाच्या १ मीटर जाडीतून आरपार जाऊन मागच्या सावलीतल्या भिंतीवर पोचते, असे धरू. Density ०.०२ असेल तर त्या एक मीटरमध्ये उन्हाचा दोन टक्के भाग विखुरला जातो आणि तो सगळ्या दिशांना वाटला जातो. हिशेब केल्यास कवडशाची स्वतःची उजळता, थेट उन्हात असलेल्या चुन्याच्या भिंतीच्या सुमारे १६० व्या भागाएवढी येते. हा आकडा फारच लहान वाटतो. पण मागची भिंत उन्हात नाही. समजा, खोलीतली सावलीतली भिंत उन्हातल्या भिंतीच्या ५० व्या भागाएवढी उजळ आहे. मग तिच्यावर कवडशाची भर पडते ती जवळपास तीस टक्क्यांची. कवडशातून दिसणारी भिंत आणि त्याच्या शेजारची तीच भिंत यांचे प्रमाण १.३ येते. कवडसा दिसतो, पण भिंतीवरचा गिलावा, कोनाडा, चित्राची चौकट हे सगळे त्याच्या आड स्पष्ट राहते.

आता फक्त कॅमेरा सरकवून कोन ३० अंशांवर आणला तर हेच प्रमाण २.१ होते आणि कवडसा पांढऱ्या फळीसारखा घट्ट दिसू लागतो. १.३ वर परत यायचे तर Density ०.००६ च्या आसपास आणावी लागते. उलट, कोन ९० अंश असेल तर ०.०२ ला प्रमाण १.१३ च येते आणि कवडसा केवळ शोधणाऱ्यालाच सापडतो.

कवडशामागे काय आहे, यानेही तितकाच फरक पडतो. चुन्याची भिंत पडलेल्या प्रकाशातला बराचसा परत देते. गडद पॉलिश केलेले सागवान जेमतेम दहावा भाग देते. भिंतीवर तीस टक्के भर घालणारा तोच कवडसा कपाटासमोर अडीचपट भर घालतो, म्हणजे प्रमाण ३.५ होते. कपाटाची काळी सावली राखाडी होते, लाकडाच्या रेषा पुसट होतात. कवडसा जाड झालेला नसतो, तरी चित्रात धुके आल्यासारखे वाटते. म्हणून Density कवडशामागच्या सगळ्यांत गडद वस्तूकडे पाहून ठरवावी, किंवा कपाट आणि कवडसा एकमेकांसमोर येणार नाहीत अशी रचना करावी. बहुतेक वेळा दुसरा मार्ग जास्त बरा असतो. अर्धा मीटर सरकवलेले कपाट हे कितीही बारकाईने जुळवलेल्या किमतींपेक्षा जास्त काम करते. पूर्ण उन्हात असलेल्या पांढऱ्या भिंतीसमोर याच्या उलट घडते: तिथे कोणत्याही सौम्य Density चा कवडसा दिसणार नाही, आणि तो दिसावा म्हणून धडपडूही नये.

हे प्रमाण अंदाजाने ठरवण्याचे कारण नाही, मोजता येते. रेंडर झाल्यावर Image Editor मध्ये चित्रावर उजवे बटण दाबून धरले की खाली त्या बिंदूच्या किमती दिसतात. एक बिंदू कवडशाच्या आत घ्यावा, दुसरा लगेच बाहेर, त्याच भिंतीवर. समजा आत ०.०५२ आणि बाहेर ०.०४० आले, तर प्रमाण १.३. सौम्य कवडशासाठी ते १.१५ ते १.४ च्या दरम्यान असावे. १.१५ च्या खाली छापील चित्रात किंवा मोबाइलवर कवडसा हरवतो. दीडच्या वर गेले की चित्रात सगळ्यांत आधी तोच दिसतो. Exposure कमीजास्त केल्याने हे प्रमाण बदलत नाही, कारण दोन्ही बिंदू सारखेच उजळतात. म्हणून मोजमाप आधी करावे, उजेड नंतर ठरवावा.

धुकटपणा कुठून येतो

प्रमाण बरोबर असूनही खोली धुकट वाटते तेव्हा दोष बहुधा आकाशाचा असतो. खिडकीतून ऊन एका पट्ट्यात येते, पण आकाशाचा मऊ प्रकाश सगळ्या खोलीभर पसरतो आणि सगळीकडच्या धुळीला उजळतो. त्याची वेगळी तपासणी करता येते. View Layer Properties मधल्या Passes खाली Light मध्ये Volume समोरचे Direct सुरू करावे, Sun दिवा रेंडरमधून लपवावा आणि हवेची पेटी तशीच ठेवून रेंडर करावे. आता त्या पासमध्ये जे काही दिसते ते निव्वळ धुके आहे. त्यात कवडशाचा एक कणही नाही. सूर्य पुन्हा सुरू केल्यावर कवडशाच्या जागी मिळणाऱ्या किमतीशी त्याची तुलना करावी. धुके कवडशाच्या एक तृतीयांशाहून जास्त असेल तर Density कमी करून उपयोग होत नाही, कारण दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी होतात.

तिथे हवेची पेटीच लहान करावी. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने खोलीभर धूळ असायला हवी हे खरे, पण चित्रात ती फक्त उन्हाच्या वाटेभोवती असली तरी पुरते. पेटी कवडशापेक्षा सगळीकडून थोडी मोठी, तिरक्या लांबट ठोकळ्यासारखी करावी. कवडसा पूर्णपणे तिच्या आत राहिला आणि Density इतकी कमी असली की पेटीच्या कडा दिसत नाहीत. निदान कॅमेऱ्यासमोरची पहिली एक-दोन मीटर हवा तरी रिकामी ठेवावी. तिथल्या धुळीचे धुके समोरच्या प्रत्येक वस्तूवर चढते, आणि कवडशाला तिचा काहीच उपयोग नसतो. World चा Strength कमी करून Exposure वाढवणे हाही मार्ग आहे. त्याने सावल्या जास्त गडद होतात, आणि जुन्या वाड्याच्या खोलीला ते शोभतेही. लख्ख पांढऱ्या फ्लॅटला मात्र शोभत नाही.

सगळ्यांत गडद कोपराही पाहावा. हवेची पेटी लपवून आणि ठेवून अशी दोन रेंडर करावीत आणि कपाटाखालचा काळा भाग दोन्हींत मोजावा. तो दहा-पंधरा टक्क्यांनी वाढला तर चालते. दुप्पट झाला असेल तर चित्रातला काळा रंग गेला आहे, आणि कॉम्पोझिटिंगमध्ये कॉन्ट्रास्ट वाढवून तो नीट परत येत नाही. याच कारणाने Glare नोडचा Fog Glow कवडशाच्या जोडीला लावू नये. तो खिडकीभोवती आणखी एक धुके चढवतो, आणि मग दोष कशाचा हे कळेनासे होते.

दाणे, ढग आणि सुटे कण

सौम्य कवडशासाठी Light Paths मधल्या Max Bounces खालचा Volume शून्यावरच ठेवावा. एवढ्या विरळ हवेत एकदा विखुरलेला प्रकाश पुन्हा धुळीवर आदळण्याची शक्यता नगण्य असते. हा आकडा वाढवला की वेळ आणि दाणे तेवढे वाढतात. तरीही कवडशाच्या भागात बाकी खोलीपेक्षा जास्त दाणे येतात, आणि डीनॉइझरला इथे मदतीसाठी फारसा आधार नसतो. भिंतीवर त्याला पृष्ठभागाचा रंग आणि दिशा यांची माहिती मिळते, हवेची तशी माहिती नसते. सॅम्पल कमी पडले तर तो गजांच्या मधले बारीक पट्टे पुसून तिथे डागांसारखे ढग ठेवतो. संपूर्ण चित्र पुन्हा काढण्याआधी Ctrl+B ने कवडशाचा खिडकीजवळचा भाग तेवढा निवडून जास्त सॅम्पलवर रेंडर करून पाहावा. पट्टे तिथे परत आले तर सॅम्पलच कमी होते असे समजावे.

खरी धूळ सगळीकडे सारखी नसते, म्हणून Density ला Noise Texture जोडावासा वाटतो. तो जोडावा, पण बाकी सगळे ठरल्यावर आणि फार हलक्या हाताने. Object कोऑर्डिनेट, Scale दीड-दोन, Detail दोन, आणि मध्ये Map Range: आतली ०.३ ते ०.७ ही मर्यादा बाहेर ०.०१६ ते ०.०२४ अशी करावी. म्हणजे सरासरी ०.०२ च राहते आणि चढउतार वीस टक्क्यांचा. त्याहून जास्त केला तर धूळ न दिसता उदबत्तीचा धूर दिसतो. पेटी एकसंध राहत नसल्याने रेंडरला वेळही जास्त लागतो. स्थिर चित्रात कवडसा रुंद आणि जवळ असेल तरच हा खटाटोप सार्थकी लागतो.

सुट्या, चमकणाऱ्या कणांचा मोह त्याहून मोठा. तो आवरावा की नाही हे पुन्हा मापानेच ठरते. २४ मिलिमीटरच्या लेन्सने, ३६ मिलिमीटर सेन्सरवर, ४ मीटर अंतरावर ६ मीटर रुंदीचे दृश्य येते. १९२० पिक्सेल रुंद चित्रात एक पिक्सेल म्हणजे तीन मिलिमीटरांहून थोडे जास्त. एक मिलिमीटरचा कण, जो खऱ्या घरात धुळीपेक्षा कापसाचा तंतूच म्हणावा, त्या पिक्सेलचा दहावा भागसुद्धा व्यापत नाही. तो रेंडरच्या दाण्यांत मिसळतो आणि डीनॉइझर त्याला दाणा समजून पुसतो. दिसावा म्हणून पाच-सहा मिलिमीटरचा केला, तर हवेत तांदूळ तरंगत असल्यासारखे वाटते. सबंध खोलीच्या दृश्यात म्हणून सुटे कण नकोतच. खिडकीजवळच्या टेबलाचे किंवा पितळी समईचे जवळून चित्र असेल, कॅमेरा मीटरभर अंतरावर आणि फोकस उथळ असेल, तर कवडशाच्या आत अर्ध्या मिलिमीटरचे मोजके कण घालावेत. त्यांतले काही फोकसच्या बाहेर जाऊन मऊ ठिपके होतील. एखाददुसराच स्पष्ट दिसेल. उन्हाबाहेरचे कण काढून टाकावेत. ते दिसत नाहीत, आणि दिसले तर काळे ठिपके दिसतात.

शेवटची थोडी कमीजास्ती कॉम्पोझिटरमध्ये करता येते. मूळ Image मधून Volume Direct पास Mix नोड Subtract वर ठेवून Factor ०.३ ने वजा केला की कवडसा तीस टक्क्यांनी उतरतो. Image आधीच डीनॉइझ केलेले असेल तर हा पासही वेगळ्या Denoise नोडमधून काढून घ्यावा, नाहीतर वजाबाकीतून त्याचे दाणे परत चित्रात येतात. ही सोय थोड्या फरकासाठीच आहे. कवडसा निम्म्याहून कमी करावा लागत असेल तर Density कमी करून पुन्हा रेंडर करणे योग्य, कारण दाट हवेने भिंतीच्या प्रकाशातून जे गाळले ते वजाबाकीने परत मिळत नाही.

व्ही-रे वापरणाऱ्यांना Environment Fog मध्ये हेच काम करता येते. तिथे Density ऐवजी Fog distance हे अंतर द्यावे लागते, आणि ते वाढवले की हवा विरळ होते. किमती जशाच्या तशा उचलता येत नाहीत, पण कवडशातला आणि शेजारचा असे दोन बिंदू मोजून १.१५ ते १.४ हे प्रमाण गाठणे, सूर्य लपवून नुसते धुके पाहणे आणि कपाटाखालचा काळा भाग तपासणे या तिन्ही चाचण्या तिथेही तशाच चालतात.